शब्दचर्चा: फ्रेंच दिनक्रमातला 'स', उठवणं आणि उठणं

कोरी पाटी

चाळिशीत फ्रेंच शिकायला घेतलंय, पहिल्याच पातळीवर आहे. परवा 'माझा दिवस' असा दहा ओळींचा निबंध लिहिला आणि वहीत लालच लाल झालं. मी 'झ लेव्ह' लिहिलं होतं, ते 'झ म लेव्ह' करून आलं. 'झ लाव्ह मे मँ', म्हणजे मी माझे हात धुते, तिथे 'झ म लाव्ह ले मँ'. मग मला वाटलं, सकाळच्या सगळ्याच कामांना हा 'म' लागत असणार, म्हणून पुढे नाश्त्याला 'झ म प्राँ ल पती देझने' लिहिलं, तर तिथला 'म' खोडला.

पुस्तकात लिहिलंय की हा 'स' म्हणजे 'स्वतःला'. (शब्दकोशात 'स लव्हे', मी म्हटलं की 'म', तू म्हटलं की 'त'. तेवढं कळलं.) पण मी स्वतःला उठवते असं आपण कुठे म्हणतो? आणि हात धुताना 'माझे' काढून 'मला' का घालायचं? 'मी मला हात धुते' हे वाक्य डोक्यात बसतच नाही. या 'स'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं, तेही सांगा.

घाईगर्दी

सोपं आहे. शरीराशी संबंध असलेली क्रिया असली की 'स' लावायचा. उठणं, अंघोळ, दात, केस, दाढी, कपडे, झोप. खाणंपिणं आणि घराबाहेरची कामं यांना नाही. मी बारावीला फ्रेंच घेतलं होतं, याच नियमावर पेपर काढला.

कोरी पाटी

पण मग झोपणं 'झ दॉर' असं बिनसाचं कसं? आणि फिरायला जाणं घराबाहेरचं असून 'झ म प्रोमेन'? खाणं तर शरीराशीच संबंधित आहे की.

जुनी वही

बरीच वर्षं फ्रेंच शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 'स्वतःला' हा अर्थ चुकीचा नाही, पण तो पाठ करून गाडी पुढे जात नाही, कारण तो वाचताना आपण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतो. आपल्याला वाटतं 'लव्हे' म्हणजे उठणं आणि त्याला हा 'स' उगाच चिकटलाय. तसं नाहीये. 'लव्हे' म्हणजे उठवणं, उचलणं. हात वर करणंही 'लव्हे'. फ्रेंच माणसाच्या कानाला 'झ लेव्ह...' हे वाक्य अर्धवट वाटतं. तो वाट बघत राहतो, काय उचललंस, कोणाला उठवलंस?

आता मराठीतल्या या जोड्या एकदा मोठ्याने म्हणून बघा. उठणे, उठवणे. निजणे, निजवणे. नेसणे, नेसवणे. फिरणे, फिरवणे. बसणे, बसवणे. थांबणे, थांबवणे. आपल्याकडे साधं रूप आपोआप होणाऱ्या क्रियेचं आहे. दुसऱ्याकडून ती करून घ्यायची झाली की आपण मध्ये 'व' घालतो.

फ्रेंचमध्ये हीच गाडी उलट दिशेने चालते. तिथे मूळ रूप 'व'वालं आहे. 'लव्हे' उठवणे, 'कूशे' निजवणे, 'आबिये' कपडे घालून देणे, 'प्रोमने' फिरवणे, 'रेव्हेये' जागं करणे, 'आस्वार' बसवणे, 'आरेते' थांबवणे. स्वतः उठायचं, निजायचं, फिरायचं असेल तर त्या 'व'ची ताकद काढून घ्यावी लागते, आणि ते काम 'स' करतो. कुत्र्याला फिरवते ते 'झ प्रोमेन ल श्यँ', मी फिरते ते 'झ म प्रोमेन'. बाळाला निजवते ते 'झ कूश ल बेबे', मी आडवी होते ते 'झ म कूश'.

म्हणून 'स'चं भाषांतर करू नका. मराठी क्रियापदात 'व' घालता येतो का ते बघा. येत असेल तर फ्रेंचमध्ये बहुधा 'व'शिवायच्या रूपाला 'स' लागेल.

कोरी पाटी

वहीताई, हे वाचून थेट स्वयंपाकघरात गेले आणि मोठ्याने म्हणून बघितलं. उठवणे, उठणे, लव्हे, स लव्हे. आता नाश्त्याचं कोडं सुटलं असं वाटतंय. 'प्राँद्र' म्हणजे घेणं. नाश्ता घेतला, घेतलेली वस्तू वाक्यात आहेच, मग 'स'ला जागा नाही. बरोबर?

जुनी वही

अगदी बरोबर. 'मी अंघोळ करते' हे सुद्धा दोन तऱ्हांनी येतं. 'झ म दूश' किंवा 'झ प्राँ ऊन दूश'. दुसऱ्यात 'ऊन दूश' ही घेतलेली वस्तू झाली, म्हणून 'म' गेला. विद्यार्थी दोन्ही एकत्र करून 'झ म प्राँ ऊन दूश' लिहितात. दिनक्रमाच्या निबंधात ही चूक मी फार वेळा खोडली आहे.

घाईगर्दी

पण झोपणे, झोपवणे अशी जोडी आपल्याकडे आहे, आणि 'दॉरमीर'ला 'स' नाही. म्हणजे ताईंचाही नियम तुटला.

जुनी वही

तुटला, आणि तो कुठे तुटतो ते सांगायलाच हवं होतं. 'दॉरमीर' मुळातच झोपेत असणं आहे, त्याचा अर्थ झोपवणं असा होत नाही. झोपवण्यासाठी वेगळं क्रियापद आहे, 'आँदॉरमीर', आणि डोळा लागणं हे त्याला 'स' लावून होतं, 'झ माँदॉर'. म्हणजे रात्रीच्या तीन पायऱ्या झाल्या. अंथरुणावर पडणं 'स कूशे', डोळा लागणं 'साँदॉरमीर', झोपलेलं असणं नुसतं 'दॉरमीर'. सकाळीही तसंच. जाग येणं 'स रेव्हेये', अंथरूण सोडणं 'स लव्हे'. सहाला जाग आली पण साडेसहाला उठले, असं लिहायचं तर दोन वेगळी क्रियापदं हवीत. निबंधात दोन्हीकडे 'स लव्हे' लिहिलेलं मी कितीदा पाहिलं आहे.

आणखी एका ठिकाणी माझी खूण चालत नाही. 'सॉर्तीर' म्हणजे बाहेर जाणं आणि कुत्र्याला बाहेर काढणं, दोन्ही. 'माँते' म्हणजे चढणं आणि चढवणं, दोन्ही. तिथे 'स' मध्ये येतच नाही.

रोनकाठ

मी ल्याँला असते, मुलगी अडीच वर्षांची, पाळणाघरात जाते. तुमचा प्रश्न 'कूश'बद्दल आहे ना? मी पहिल्या आठवड्यात फसले होते. संध्याकाळी मुलीला आणायला गेले की तिथली बाई रोज 'कूश' म्हणायची. मला वाटायचं, निजवलं होतं म्हणतेय. मी मान हलवून निघून यायचे. तिसऱ्या दिवशी तिने मला रिकामी पिशवी दाखवली तेव्हा कळलं की 'कूश' म्हणजे बाळाचा लंगोट, डायपर. ते संपलेत, घेऊन या, असं ती सांगत होती. झोपेबद्दल त्या 'कूश' म्हणतच नाहीत. 'एल सेताँदॉरमी' म्हणतात, डोळा लागला, मग किती वाजता उठली ते.

कोरी पाटी

माझा प्रश्न तो नव्हता, पण हे बरं कळलं. तिथे मुलांना हात धुवायला कसं सांगतात?

रोनकाठ

'ऑं स लाव्ह ले मँ!' दिवसातून दहादा. 'ऑं' म्हणजे आपण. आपणही मुलांना 'चला, आपण हात धुऊ या' म्हणतो, तसंच. एकट्या मुलीला म्हणायचं असेल तर 'लाव्ह-त्वा ले मँ'. उशीर झाला की 'देपेश-त्वा', आवर लवकर. ही 'त्वा'वाली रूपं मी व्याकरण न शिकता मुलीकडूनच शिकले.

जुनी वही

रोनकाठ, तुमचा 'ऑं' नवशिक्यांच्या फार उपयोगाचा आहे. 'आम्ही हात धुतो' पुस्तकी पद्धतीने 'नू नू लाव्हॉं ले मँ' होतं. दोन 'नू' ओळीने आले की विद्यार्थी घाबरून एक गाळतात. 'ऑं'बरोबर कायम 'स'च राहतो, आणि घरीदारी फ्रेंच लोक बोलतातही तसंच.

आता हातांकडे येते. तुम्ही 'मी मला हात धुते' वर अडला आहात. आधी दुसऱ्याचे हात घ्या. मी मुलीचे हात धुते, हे फ्रेंचमध्ये साधारणपणे 'झ ल्वी लाव्ह ले मँ' असं येतं. यात 'ल्वी' म्हणजे 'तिला'. तिला हात धुते. 'तिचे' असा शब्दच नाही. हात कोणाचे, ते 'तिला' वरून कळतं. हीच मांडणी स्वतःवर आणली की 'तिला' च्या जागी 'मला' येतो, 'झ म लाव्ह ले मँ'. 'झ म ब्रॉस ले दाँ', दात घासते. तेही तसंच.

हे आपल्याला अगदी परकं आहे असंही नाही. माणसाला दोन हात असतात. मांजराला शेपूट असतं. त्याला दाढी आहे. शरीराच्या अवयवांसाठी आपण 'ला' वापरतो. 'माणसाचे दोन हात असतात' असं कोणी म्हणत नाही. गाडी मात्र 'माझ्याकडे' असते. म्हणजे अंगाला जोडलेल्या आणि जवळ बाळगलेल्या वस्तू वेगळ्या धरायची सवय आपल्या भाषेत आहेच. फ्रेंच तीच सवय धुण्यापुसण्याच्या वाक्यापर्यंत नेते, एवढंच.

आणि खरं सांगायचं तर आपण तरी 'मी माझे दात घासले' कधी म्हणतो? 'दात घासले' एवढंच. 'झ लाव्ह मे मँ' व्याकरणात बसतं, पण रोजच्या हात धुण्याला फ्रेंच माणूस असं म्हणत नाही. तुमच्या वहीत लाल खूण त्यासाठी आली.

धातुरूप

संस्कृतवाल्यांना हा धागा ओळखीचा वाटेल. पाणिनीचं सूत्र आहे, 'स्वरितञितः कर्त्रभिप्राये क्रियाफले'. क्रियेचं फळ करणाऱ्याला मिळणार असेल तर आत्मनेपद. स्वयंपाकी दुसऱ्यासाठी शिजवतो तो 'पचति', स्वतःसाठी शिजवणारा 'पचते'. फ्रेंचचा 'स' म्हणजे आत्मनेपदच. त्यामुळे कोरी पाटी यांनी मराठी नाव विचारलंय त्याला 'आत्मनेपदी क्रियापद' हे उत्तम.

जुनी वही

सूत्र सुंदर आहे आणि इथे शोभतंही, पण नाव तसंच घेतलं तर गोंधळ होईल. 'पचते' मध्ये भात दुसऱ्याचा नाही तर आपल्या पोटात जाणार, एवढाच अर्थ. स्वयंपाकी स्वतःला शिजवत नाही. 'स लाव्हे' मध्ये धुतला जाणारा आणि धुणारा एकच. त्यातून संस्कृतात आत्मनेपद ही प्रत्ययांची गोष्ट आहे, इथे एक सुटा शब्द आहे आणि तो 'म, त, स, नू, व्हू' असा बदलत राहतो. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक तिथेच होते. 'मी उठणार आहे' याला 'झ व्हे स लव्हे' लिहितात, कारण शब्दकोशात 'स लव्हे' आहे. पाहिजे 'झ व्हे म लव्हे'.

धातुरूप

मान्य, पण हात धुण्याच्या वाक्यात तर फळ कर्त्यालाच मिळतं आहे की. 'मला' म्हणजे 'माझ्यासाठी'. तिथे तरी सूत्र पूर्ण लागतं.

जुनी वही

तिथे मात्र लागतं. हे मला आधी सुचलं नव्हतं.

घाईगर्दी

मी भूतकाळाचं सांगतो, तिथे मराठी माणसाचा फायदा आहे. 'ती उठली' मध्ये क्रियापद तिच्यामागे गेलं. 'तिने हात धुतले' मध्ये ते हातांच्या मागे गेलं, तिला विसरलं. फ्रेंचमध्ये 'एल से लव्हे', ती उठली, याच्या शेवटी स्त्रीलिंगाचं जादा ई अक्षर लिहितात. 'एल से लाव्हे ले मँ', तिने हात धुतले, याला ते ई नाही. म्हणून माझी युक्ती अशी, मराठीत 'ने' आला की फ्रेंचमध्ये जादा ई नाही. आमच्या वर्गात सगळे असंच लक्षात ठेवायचे.

कोरी पाटी

हे झकास आहे! वहीत लिहून घेतलं.

जुनी वही

लिहिलंत तर त्याच्यापुढे हेही लिहा. 'एल से लाव्हे' एवढंच, पुढे हात नाहीत, म्हणजे तिने अंग धुतलं, अंघोळ केली. मराठीत 'तिने' आहे, 'ने' आला, पण फ्रेंचमध्ये इथे ई लागतं. 'एल सेताबिये', तिने कपडे घातले. पुन्हा 'ने', पुन्हा ई. घाईगर्दी यांची युक्ती उठणं, बसणं, निजणं, फिरणं इथे बरोबर उत्तर देते, आणि धुणं, नटणं, कपडे घालणं इथे फसवते.

तिची दुरुस्ती सोपी आहे. मराठी वाक्याकडे नका बघू, फ्रेंच वाक्यात क्रियापदाच्या पुढे बघा. धुतली गेलेली वस्तू पुढे बसली आहे का? 'ले मँ' बसले आहेत, तर धुतले गेले ते हात, आणि 'स' फक्त 'तिला' म्हणून उभा आहे. ई नाही. पुढे काही नाही, तर धुतली गेली ती स्वतः, 'स'च ते सांगतोय, आणि 'स' क्रियापदाच्या आधी आलाय. ई लावा.

मोठ्याने वाचलं तर दोन्ही 'लाव्हे' एकसारखेच ऐकू येतात. ही चूक फक्त कागदावर दिसते, त्यामुळे बोलताना घाबरायचं कारण नाही. कानाला फरक पडतो तो थोड्या क्रियापदांत. तो बसला 'इल सेतासी', ती बसली 'एल सेतासीझ'.

रोनकाठ

पाळणाघराच्या रोजच्या चिठ्ठीत 'हात धुतले' च्या पुढे मी ई लावलेलं पाहिलंय. लिहिणारी फ्रेंचच आहे. मग ती चूक की चालतं?

जुनी वही

नियमाप्रमाणे चूक. पण फ्रेंच लोक स्वतः इथे अडखळतात. आधी आलेल्या कर्माशी जुळवायची ही पद्धत सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनचा दाखला देऊन पुरस्कारली, आणि तेव्हापासून ती शाळेत घोकावी लागते. कानाला न ऐकू येणारा नियम हाताला सहज येत नाही. परीक्षेत मात्र गुण जातात.

आणि एक जागा राहिली. 'एल स सॉं तेलेफोने', त्यांनी एकमेकींना फोन केला. पुढे काही नाही, तरी ई नाही, कारण फ्रेंचमध्ये फोन 'कोणाला तरी' करतात, तो 'स' पुन्हा 'ला'वाला आहे. हे दिनक्रमात फारसं येत नाही, म्हणून सध्या बाजूला ठेवलंत तरी चालेल.

कोरी पाटी

मी आत्ताच निबंध पुन्हा लिहिला, भूतकाळात. मी बाई आहे हे लक्षात ठेवून. 'झ म स्वी रेव्हेये आ सीझर', ई लावलं. 'झ म स्वी लव्हे', ई लावलं. 'झ म स्वी ब्रॉसे ले दाँ', ई नाही. 'झे प्री ल पती देझने', 'म' नाही. 'झ म स्वी आबिये', ई लावलं. शेवटी 'झे म स्वी कूशे'. तपासता का?

जुनी वही

शेवटचं सोडून सगळं बरोबर. 'झे' मध्ये 'आव्हार'चं रूप आहे आणि 'स्वी' हे 'एत्र'चं. दोन्ही एकत्र येत नाहीत. 'स'वाल्या सगळ्या क्रियापदांना भूतकाळात 'एत्र'च लागतं. नाश्त्याला 'झे' बरोबर, कारण तिथे 'म' नाही. नाश्त्याच्या ओळीतला 'झे' तिथून घसरून खाली आलाय. 'झ म स्वी कूशे', ई सकट.

धातुरूप

आणि मराठी नावाचं काय ठरलं? मराठी व्याकरणात 'आपण' आणि 'स्वतः' यांना आत्मवाचक सर्वनामं म्हणतात, तर 'आत्मवाचक क्रियापद' म्हणावं का?

जुनी वही

वर्गात मी तेच म्हणत असे. पण 'एकमेकींना फोन केला' हे आत्मवाचक कसं, असं एका मुलीने विचारलं होतं आणि तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. 'सर्वनामी क्रियापद' अधिक काटेकोर आहे, ते ऐकून मात्र कोणाला काही कळत नाही.

रोनकाठ

आमच्याकडे नाव नाही. मुलगी 'म्वा, झ म लाव्ह!' म्हणते, मी धुणार, मी. मग साबण माझ्या हातातून काढून घेते.